फुगेवाले, मोठे नकोत

आमच्या लहानपणी वाडीतल्या एखाद्या घरी लग्न ठरले, की ओटीवर चटई अंथरली जाई आणि मंडळी यादी करायला बसत. मांडव किती खांबांचा, बँड कोणाचा, भांडी कोणाकडून आणायची, कोणाला आमंत्रण द्यायला कोणी जायचे, हे सारे त्या चटईवर ठरत असे. घरातल्या पोरांची सभा वेगळी. ती विहिरीच्या कठड्यावर भरे. मोठ्यांचे बोलणे ओटीवर आणि पोरांचे विहिरीवर, असा तो शिरस्ता होता. समोर कोण बसले आहे हे डोळ्यांना दिसत असल्यामुळे कोठे काय बोलावे, हे कोणाला शिकवावे लागत नसे.

आता वसईतल्या कोणत्याही ख्रिस्ती कुटुंबाची भावंडे एका विहिरीच्या कठड्यावर मावणारी राहिलेली नाहीत. आमच्याच घरचे पाहा. आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलीचे लग्न २०२३च्या डिसेंबरात झाले. तिची चुलत, मामे, मावस आणि आते अशी सारी भावंडे मोजली, तर ती सतरा भरतात. त्यांतली नऊ वसईत, तीन मीरा रोडला, दोन कुवेतला, दोन टोरोंटोत आणि एक ऑकलंडला. साहजिकच लग्न ठरल्याच्या रात्रीच त्यांनी व्हॉट्सॲपवर गट काढला. ओटी गेली, कठडा गेला, सारी सभा हातातल्या फोनमध्ये आली.

परंतु फोनमध्ये समोर कोण बसले आहे हे दिसत नाही. दिसते ते फक्त गटाचे नाव. माणसे पाहायची तर त्या नावावर बोट ठेवून आत जावे लागते आणि घाईत असलेला माणूस आत जात नाही. तो नाव वाचतो, बहुधा अर्धेच वाचतो आणि लिहून मोकळा होतो. हे आम्हांस तेव्हा कळले असते, तर पुढचा प्रसंग कदाचित टळला असता. कळले नाही, याचा थोडा दोष आमच्याही पदरी आहे. तो ओघाने सांगतोच.

नवरीचे बाप्तिस्म्याचे नाव येथे देत नाही. घरात तिला सारे ‘बायो’ म्हणतात, तेवढे पुरे. तिच्या भावंडांनी सुरुवातीला दोन गट केले. एकात आईवडील, मामा-मामी, काका-काकू, आत्या, मावश्या आणि भावंडे मिळून एकेचाळीस माणसे. दुसऱ्यात फक्त भावंडे. पहिल्याचे नाव ठेवले ‘बायोच्या घरची लगीनघाई – मोठी माणसं’ आणि दुसऱ्याचे ‘बायोच्या घरची लगीनघाई – लहान माणसं’. जोडनावे ठेवण्याची कल्पना बायोच्या धाकट्या भावाची. मिस्सेची वेळ, गायनमंडळ, कागदपत्रे यांसाठी आमची गरज लागणार म्हणून त्याने आम्हांस दोन्हीकडे घेतले आणि फोन करून विचारले, “फादरमामा, नावं कशी वाटली?” आम्ही हसून म्हणालो, “झकास! जुळ्या पोरांची नावं ठेवावीत तशी आहेत.” आम्ही अगदी बरोबर बोललो होतो, पण त्यातला धोका आमच्या ध्यानात आला नाही. जुळ्यांची अदलाबदल होते, हे आमच्यासारख्या बाप्तिस्मे देणाऱ्याला तरी माहीत असायला हवे होते.

व्हॉट्सॲपवर गटाच्या नावाला पूर्वी पंचवीस चिन्हांची मर्यादा होती. ती आता शंभर झाली आहे. त्यामुळे लांबलचक नाव ठेवता येते, पण यादीच्या ओळीत ते सारे मावत नाही. जेवढे मावते तेवढे दिसते आणि पुढे तीन टिंबे येतात. आमच्या या दोन्ही नावांत फरक होता तो अगदी शेवटी, म्हणजे नेमका टिंबांच्या आड. शिवाय दोन्ही गटांना चित्रही एकच लावले होते, बायोच्या साखरपुड्याचे. यादीत एकाखाली एक दोन ओळी, दोन्हींवर तोच फोटो आणि दोन्हींत ‘बायोच्या घरची लगीन…’.

आता त्या नोव्हेंबरातल्या रात्रीची हकिकत. आमच्या भावोजींवर, म्हणजे बायोच्या वडिलांवर, २०२२ साली हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. साठवलेले बरेचसे त्यात गेले. वाडीतली केळी आणि फुले यांवर घर चालत होते, पण लग्नाचा भार पेलण्यासारखी स्थिती नव्हती. भावोजी हे कोणाला बोलले नाहीत आणि बोलणारही नव्हते. ते अशा पिढीतले आहेत, की उसना घेतलेला नारळसुद्धा आठवड्याच्या आत परत करतात. भावंडांनी मात्र ते ओळखले होते. त्यांनी आपसांत ठरवले, की प्रत्येकाने ६,००० रुपये काढायचे. सतरांपैकी बायोला वगळून सोळा जणांचे ९६,००० होतात. त्यात मांडव आणि बँड यांचे परस्पर भागवायचे आणि भावोजींना बिल यायच्या आधीच ते चुकते करायचे. हेतू असा निर्मळ होता. बायोलाही ते कळू द्यायचे नव्हते, म्हणून बोलणे तोवर फोनवर चालले होते. मग बायो स्वतःच भावंडांच्या गटातून काही दिवस बाहेर पडली. “माझ्या पाठीमागे तुम्हांला जे काही करायचं ते करा,” असे म्हणून ती हसत गेली आणि हिशेब गटात येऊ लागला.

कुवेतचा पुतण्या, आमच्या धाकट्या भावाचा मुलगा, पाळी संपवून खोलीवर आला तेव्हा तेथे रात्रीचे पावणेनऊ, इकडे सव्वाअकरा. त्याने भराभर लिहिले: कोणाचे पैसे आले, कोणाचे बाकी आहेत आणि शेवटी एक ओळ – ‘पप्पांना कळू देऊ नका, ऑपरेशननंतर त्यांच्याकडे काही उरलेलं नाही.’ आणि पाठवले. मोठ्या माणसांच्या गटात.

चूक त्याला मिनिटाभरात उमगली. त्या संदेशावर बोट दाबून धरले, की तो पुसण्याचे दोन पर्याय येतात. एक, तो सर्वांच्या फोनमधून काढणे, आणि दुसरा, तो फक्त स्वतःच्या फोनमधून काढणे. घाबरलेल्या माणसाचे बोट चुकीच्या ओळीवर पडते. त्याने ‘Delete for me’ दाबले. त्याच्या पडद्यावरून मजकूर नाहीसा झाला आणि तो सुटकेचा श्वास टाकून झोपी गेला. उरलेल्या चाळीस फोनांत तो होता तसाच राहिला. यातली खरी अडचण अशी, की सर्वांच्या फोनमधून काढण्याची मुभा पाठवणाऱ्याला दोन दिवसांहून अधिक वेळ असते. पण एकदा स्वतःच्या फोनमधून तो पुसला, की बोट ठेवायला काही उरतच नाही. ती चूक लगेच मागे घेण्याची सोय असते खरी, पण ती काही सेकंदांपुरतीच आणि घाबरलेल्या माणसाची ती सेकंदे फोन खाली ठेवण्यात जातात. मग फक्त गटाचा प्रमुख तो काढू शकतो. प्रमुख होता बायोचा भाऊ आणि तो गाढ झोपला होता. सकाळी साडेसहाला त्याने पाहिले आणि ताबडतोब काढून टाकले. पण काढलेल्या संदेशाच्या जागी ‘संदेश काढला’ अशी ओळ राहते. ज्यांनी वाचले नव्हते, तेही ती ओळ पाहून विचारू लागले, “काय होतं? कोणी काढलं?” म्हणजे झाकण्याने अधिकच उघडे पडले.

भावोजी पहाटे पाचला उठतात. त्यांनी वाचले होते.

सकाळची मिस्सा आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासात आलो, तर ते व्हरांड्यात बसलेले. सायकल भिंतीला टेकलेली. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा आला तो तसाच राहिला. मग म्हणाले, “फादर, पोरांनी पैसे जमवले याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते चाळीस जणांनी वाचलं याचं. माझ्या व्याह्यांची बहीण आहे त्या गटात.”

ते आम्हांस ठाऊक नव्हते. व्याह्यांची बहीण ही आमच्या वहिनीची मावसबहीण. म्हणून ती त्या एकेचाळीसांत आली होती. गटाच्या नावात ‘बायोच्या घरची’ असे शब्द होते, त्यामुळे लिहिणाऱ्या प्रत्येकाची अशी समजूत झाली, की येथे सारे आपलेच आहेत. नावाने सांगितले होते एक आणि आत बसले होते दुसरेच.

भावोजींचे सांत्वन आम्ही कसे केले, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. आणि खरे सांगायचे, तर आम्ही फारसे काही केलेही नाही. तेच थोड्या वेळाने म्हणाले, “बँड पोरांनी द्यावा. तो त्यांचा आहेर. मांडव माझा. तो मी माझ्या केळ्यांवर घालीन.” आणि उठता उठता म्हणाले, “आणि त्या दोन गटांना काहीतरी निराळी नावं द्या. माझ्या फोनमध्ये दोन्ही सारखीच दिसतात. त्याचाही काही दोष नाही.” पुतण्याला त्यांनी त्याच दुपारी स्वतः फोन केला. काय बोलले ते त्या दोघांनाच माहीत.

पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग सुटल्यावर वसईतली भावंडे बहिणीच्या ओटीवर जमली. परदेशातली पडद्यावर आली. आम्हीही गेलो. नाव ठेवण्यासारख्या क्षुल्लक कामाला दीड तास लागला. पण तो दीड तास आम्हांस अजून आठवतो, कारण एरवी ज्याचा कोणी विचार करीत नाही, अशा एका गोष्टीचा त्या पोरांनी तेव्हा नीट विचार केला.

पहिली सूचना ऑकलंडच्या भाचीची. ती म्हणाली, आधी सर्वांचे फोन शेजारी शेजारी ठेवा आणि जुने नाव किती दिसते ते बघा. बायोच्या भावाच्या फोनवर ‘बायोच्या घरची लगीनघाई’ एवढे दिसत होते. आमच्या बहिणीला चाळिशी लागून फार वर्षे झाली. तिने अक्षरे मोठी करून ठेवली आहेत. तिच्या फोनवर ‘बायोच्या घ…’ आणि संपले. तेव्हा पहिला नियम आपोआप ठरला: जो शब्द दोन गटांना वेगळे करतो तो अगदी पहिला हवा आणि तो बहिणीच्या फोनवर पुरता दिसायला हवा. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर त्या घरात नावाची कसोटी सर्वांत अधू दृष्टीच्या माणसाच्या पडद्यावर लावायची होती.

मग सूचनांचा पाऊस पडला. मीरा रोडच्या मावसभावाने सुचवले, ‘शादी स्क्वॉड’. टोरोंटोची म्हणाली, “माझ्या फोनमध्ये या नावाचे दोन गट आहेत, एक ऑफिसातल्या मैत्रिणीचा.” ते पडले. दुसऱ्याने ‘बँड बाजा बायो’ म्हटले. त्यावर सारे खूप हसले आणि आम्हांस वाटले, की हेच ठरणार. पण बायोच्या भावाने शंका काढली. बँडवाल्यांशी बोलण्यासाठी त्याने चौघांचा एक वेगळा गट केला होता आणि त्याचे नाव ‘बँड’ असे होते. म्हणजे पुन्हा यादीत दोन ओळी ‘बँड’ने सुरू होणार. शिवाय चित्रपटांच्या नावांवरून केलेली गंमत कोणाच्याही घरी चालते. ती आमच्याच घरची आहे, हे तिच्यातून कळत नाही.

‘कझिन्स’ या शब्दावर मात्र बराच वेळ गेला आणि तेथे आम्हांस थोडे बोलावे लागले. आपल्या भाषेत या नात्याला एक शब्द नाही, चार आहेत: चुलत, मामे, मावस, आते. त्यामुळे ‘कझिन्स’ म्हणणे सोयीचे, हे खरे. पण कोणाचे कझिन्स? त्याच मोसमात आमच्या घरात आणखी एक लग्न होते, जानेवारीत, आमच्या चुलतभावाच्या मुलाचे. त्या गटाचे नाव ‘कझिन्स रॉक’. हे सतरांपैकी सहा जण त्याही गटात होते. मग कोणी ‘भावंडं’ सुचवले. शब्द सुंदर आहे. पण कोपऱ्यात बसलेली आमची एक सूनबाई, पुतण्याची बायको, हळूच म्हणाली, “म्हणजे आम्ही वहिन्या आत की बाहेर? कारण खोबरं आम्हीच खवणार आहोत.” सारे एकदम गप्प झाले. कोणाच्या मनात तिला वगळण्याचे नव्हते. शब्दाने वगळले होते.

त्यातून वाट काढली ती आमच्या बहिणीच्या सासूबाईंनी. वय ऐंशीच्या पुढचे. त्या आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. एवढा वेळ ऐकत असाव्यात. त्या आतूनच म्हणाल्या, “नात्यावरून कशाला नाव ठेवता? कामावरून ठेवा. आदल्या रात्री फुगे कोण तळणार?”

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की आमच्याकडचे हे फुगे म्हणजे मैदा, अंडी, नारळाचा रस आणि साखर यांच्या आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. पूर्वी पीठ फुगवायला ताडी घालीत, हल्ली बहुतेक जण यीस्ट घालतात. पीठ सैलसर असते. ते मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून वर पिळून काढायचे आणि बोटाने तोडून कढत तेलात सोडायचे. हात ओला ठेवावा लागतो, नाही तर पीठ चिकटते आणि गोळ्याला शेपूट येते. उंबराच्या पाण्याच्या रात्री, म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्री, हे काम आमच्या घरात नेहमी तरुण मंडळीच करतात. मोठी माणसे तेव्हा पाहुण्यांत असतात. त्यामुळे ‘फुगे कोण तळणार’ या प्रश्नाचे उत्तर घरात सर्वांना पाठ आहे: सतरा भावंडे, त्यांच्या बायका, त्यांचे नवरे आणि या वेळेला बायोची एक मैत्रीण.

‘फुगेवाले!’ असे तीन-चार जण एकदम ओरडले. बाहेरच्याला ते जत्रेतले फुगे विकणारे वाटावेत आणि घरच्याला तेल, धूर आणि शेपूट आलेले गोळे आठवावेत, अशी त्यातली गंमत. शिवाय कोण आत आणि कोण बाहेर, हे त्या एका शब्दाने ‘भावंडं’पेक्षा नेमके सांगितले. सूनबाई हसल्या.

पण एवढ्याने भागत नव्हते, हे कुवेतच्या पुतण्याने दाखवून दिले. त्या सभेत तो प्रथमच बोलला. “गंमत ठीक आहे. पण रात्री मी दमून आलो, की मला नावातच दिसलं पाहिजे, की इथे पप्पा नाहीत.” मग दुसरा शब्द त्याच्यासाठी ठेवला: ‘मोठे नकोत’. शब्द थोडा उद्धट आहे, पण तो मोठ्यांना दिसणारच नव्हता. आणि ज्याला दिसणार होता, त्याला तो प्रत्येक वेळी सावध करणार होता. शेवटी कोणाचे लग्न आणि कधी: ‘बायो ३० डिसें.’ जानेवारीतल्या लग्नाशी गल्लत नको म्हणून तारीख. तारखेचा आणखी एक उपयोग पोरांनी सांगितला नाही, पण आम्हांस दिसला. तारीख उलटली, की गट शिळा झाला हे कोणी न सांगता कळते.

असे नाव झाले: ‘फुगेवाले – मोठे नकोत – बायो ३० डिसें.’ मोठ्या गटाचे ठरले ‘मांडव – सगळं घर आणि पाहुणे – बायो ३० डिसें.’ एक ‘फु’ने सुरू होते, दुसरे ‘मां’ने. बहिणीच्या फोनवर दोन्ही पहिले शब्द पुरते दिसले. ‘पाहुणे’ हा शब्द भावोजींच्या आग्रहावरून घातला. व्याह्यांची बहीण तेथे आहे, हे प्रत्येकाच्या लक्षात राहावे म्हणून. चित्रेही बदलली: एकाला फुग्यांची टोपली, दुसऱ्याला मांडवाचे खांब. ज्याला अक्षरे वाचायला उसंत नाही, त्याने निदान टोपली आणि खांब यांत गफलत करू नये.

नाव टिकवणे हे नाव ठेवण्याहून अवघड निघाले. व्हॉट्सॲपवर गटातल्या कोणालाही नाव बदलता येते, प्रमुखाने ती मुभा बंद केली नाही तर. चारच दिवसांत कोणीतरी ते ‘अंडी कुठे आहेत?’ असे केले. कारण अंड्यांची ऑर्डर खरोखरच हरवली होती. दुसऱ्याने ते ‘अंडी सापडली’ असे केले. दिवसभर हशा पिकला. संध्याकाळी ऑकलंडच्या भाचीने विमानाची वेळ कळवायला यादीत ‘फुगेवाले’ शोधले, तर गट सापडेना. आपल्याला कोणी काढून टाकले की काय, असे वाटून ती खट्टू झाली. तेव्हा बायोच्या भावाने नाव बदलण्याचा अधिकार स्वतःकडे आणि एका वहिनीकडे ठेवला. थट्टा संदेशात करा, नावात नको, असा त्याने हुकूम काढला. आम्ही त्याला म्हटले, “आता तू खरा प्रमुख झालास.”

एक तिसरा गटही करावा लागला, नवऱ्याकडच्या भावंडांबरोबर. स्वागत समारंभात दोन्हीकडच्या तरुणांनी मिळून एक नाच बसवला होता. त्या गटाचे पहिले नाव कोणीतरी सवयीने ‘बायोचा नाच’ ठेवले. दोन दिवसांनी नवऱ्याच्या आतेभावाने फार सभ्यपणे विचारले, “ही बायो कोण? तीही नाचणार आहे का?” घरगुती नाव घरात दिव्यासारखे असते, बाहेर त्याचा उजेड पडत नाही. तेथे नवरा-नवरी दोघांची बाप्तिस्म्याची नावे घातली आणि पुढे ‘नाच’ एवढाच शब्द ठेवला. गंमत तेथे राहिली नाही. परक्या घरांशी पहिल्यांदा बोलताना नावात गंमत नसली तरी चालते, असे आमचे मत आहे. काही भाच्यांचे ते नाही.

२९ डिसेंबरच्या रात्री विहिरीवरून उंबराचे पाणी वाजत-गाजत आले. मागल्या अंगणात दोन चुली पेटल्या. बारा किलो मैद्याचे पीठ दुपारपासून फुगत ठेवले होते. बायोला त्या रात्री पुन्हा गटात घेतले होते, पण हात लावू दिला नाही. साडेदहाच्या सुमारास भावोजी मागल्या दारी आले. पाहुण्यांतून उठून आले होते. ऑपरेशननंतर धुराजवळ बसू नका, असे बहीण ओरडली. ते बसले नाहीत. बाह्या वर करून, पाण्यात हात बुडवून उभ्यानेच पीठ मुठीत घेतले आणि एकामागून एक असे गोल गोळे पिळून सोडले, की पोरे पाहत राहिली. शेपूट एकालाही नाही. कुवेतचा पुतण्या त्यांच्या शेजारी झारा घेऊन उभा होता. दोघे फारसे बोलत नव्हते. एकदा भावोजींनी त्याला कोपराने थोडे मागे सारले, तेल उडत होते म्हणून.

आमचा फोन खिशात वाजला तो तेव्हा. सकाळच्या मिस्सेबद्दल कोणाचा निरोप असेल म्हणून काढून पाहिला. ‘फुगेवाले’मध्ये दोन ओळी आल्या होत्या. पहिलीत बायोच्या भावाने भावोजींना गटात घेतल्याची नोंद होती. दुसरीत त्याने गटाचे नाव बदलल्याची: ‘फुगेवाले – मोठे नकोत (पप्पा सोडून) – बायो ३० डिसें.’